शिमग्याचे उभे व्हिडिओ आडव्या पडद्यावर: बाजूला धूसर पार्श्वभूमी की काळ्या पट्ट्या?

समीर (गुहागर): पालखी नाचवतानाचे मोबाईलवरचे उभे व्हिडिओ देवळासमोर प्रोजेक्टरवर दाखवायचे आहेत. काहींना बाजूला तोच व्हिडिओ धूसर करून हवाय, काही म्हणतात काळंच ठेवा. तुमचं मत?

विद्याताई: धूसरच करा. काळ्या पट्ट्यांमध्ये पालखी फटीतून बघितल्यासारखी वाटते. धूसर केलं की बाजूला लक्षच जात नाही.

नंदूकाका (दापोली): विद्याताई, शांत चित्र असेल तर तुमचं पटतं. पण पालखी नाचते, आणि चित्रण करणाऱ्याचा हातही हलतो. १०८० बाय १९२० चा उभा व्हिडिओ १९२० बाय १०८० च्या चौकटीत उंचीने बसवला की रुंदी जेमतेम ६०८ उरते. दोन्ही बाजूंना ६५६ भरायचे. मागे तोच व्हिडिओ पूर्ण रुंदीला ताणला, तर तो पुढच्यापेक्षा तिपटीहून मोठा होतो, म्हणजे हाताचा प्रत्येक हिसकाही तिप्पट. धूसर केल्याने बारकावे पुसले जातात, उजेड नाही. मशालीचा भलामोठा नारिंगी डाग दोन्ही बाजूंना धावत सुटतो आणि डोळ्याच्या कडेला हालचाल चटकन जाणवते. माणसं पालखीऐवजी तोच डाग बघत बसतील.

बाबल (वेंगुर्ला): माका तर काळाच बरा वाटता. आमच्या दशावताराचो व्हिडिओ रात्री उघड्यावर दाखवलो, पट्टे अंधारात मिसळान गेले.

प्राची: पण व्हिडिओ धूसर का करायचा? मुळात स्पष्ट आहे ना? मोठा करून पडदाभर दाखवा.

नंदूकाका: प्राची, धूसर फक्त मागचा थर, पुढचा तसाच राहतो. पडदाभर मोठा केलास तर उंचीचा तिसरा भागही उरत नाही. पालखी दिसेल, खाली नाचणाऱ्यांचे पाय जातील. शिमग्याच्या व्हिडिओत पायच नसतील तर बघायचं काय?

विद्याताई: मग मागचं चित्र थांबवता येईल ना?

नंदूकाका: हो, मी तेच करेन. मशाल नसलेली एकच फ्रेम निवडायची, ती गोठवून धूसर करायची, रंग निम्म्यावर आणि उजेड पावपट करायचा. अंधाऱ्या धूसर भागात रंगांचे पट्टे उमटले, तर त्याच थरावर किंचित दाणेदारपणा टाकायचा.

बाबल: एवढा करून शेवटाक काळाच झाला मगे!

समीर: एकाच नाचाचे तिघांनी काढलेले व्हिडिओ आहेत. शेजारी शेजारी लावले तर?

नंदूकाका: तीन वेळा ६०८ म्हणजे १८२४, बसतात. मागे काही भरायलाच नको. आवाज एकाचाच ठेव आणि तिन्ही व्हिडिओ ढोलाच्या एका ठोक्यावर जुळव.

विद्याताई: तीन पालख्या एकदम? बघणाऱ्याने नजर कुठे ठेवायची?