जिनिंगच्या सीझनमध्ये रजेची मर्यादा कशी ठरवावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये मी सुपरवायझर आहे. कायम माणसं १२: प्रेसवर ३, काट्यावर ३, फिटर २, ऑफिसात ४. पाळ्या दोन. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि तुळशीच्या लग्नानंतर घरोघरी लग्नं.

आजवरचा नियम एकच: एका दिवशी दोघांपेक्षा जास्त रजा नाही. पण ते दोघंही प्रेसचे निघाले, तर एक पाळी बंद पडते आणि सरकीपासून वेगळी झालेली रुई तशीच पडून राहते. म्हणून आता मर्यादा कामानुसार लावतोय. प्रेसला रोज किमान २ लागतात, म्हणजे रजेवर १. त्यातही ज्या दिवशी तिघांपैकी एकाची साप्ताहिक सुट्टी, त्या दिवशी प्रेसला रजा शून्यच. हे कॅलेंडरवर आधी मांडलं नाही, तर मर्यादा कागदावरच राहते.

एक्सेलमध्ये B रकान्यात काम, D पासून पुढे तारखा. रजेला र, सुट्टीला सु. प्रत्येक तारखेच्या रकान्यात नावांच्या खाली, १४व्या ओळीत हे सूत्र:

```
=COUNTIFS($B$2:$B$13,"प्रेस",D$2:D$13,"र")+COUNTIFS($B$2:$B$13,"प्रेस",D$2:D$13,"सु")
```

उत्तर १ च्या वर गेलं की रकाना लाल.

अडलंय ते इथं: प्रेसच्या दोघांच्या घरी एकाच मुहूर्तावर लग्न आहे. आधी अर्ज त्याला रजा, की सख्ख्या नात्याला आधी? आणि अचानक आजारपण आलं तर मंजूर रजा रद्द करायची, की काट्यावरच्या एकाला आतापासूनच प्रेस शिकवून ठेवायची? तुमच्याकडं काय करता, सांगा.