शब्दचर्चा: ‘कौल द्या’ म्हणावं की ‘मत द्या’? आणि तीन नावांबद्दल

पायलीभर:
आम्ही अकरा मैत्रिणी मिळून थालीपीठाची भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ आणि थोडा गोडा मसाला विकायला सुरुवात करतोय. नावांची यादी चाळून तीन उरली आहेत. ग्रुपवर टाकायचा मजकूर असा लिहिलाय:

“सख्यांनो, आपल्या उद्योगासाठी तीन नावं उरली आहेत: जातं, उखळ, शिदोरी. रविवारी रात्रीपर्यंत प्रत्येकीने एका नावाला आपला कौल द्यावा.”

‘कौल’ इथे बरोबर बसतो का? नावांबद्दलही सांगा. हे नाव आम्हाला जन्मभर वागवायचंय.

कोकणवाट:
आमच्या गावी कौल देव देतो, माणसं नाही. मूर्तीला पाण्याने पाकळ्या चिकटवतात आणि उजवी पडली की डावी त्यावरून कौल ठरतो. माणसाने कौल लावायचा असतो. मला तरी ‘मत द्या’ बरं वाटतं.

जुनीपोथी:
देवाचा कौल खराच, पण शब्द तेवढाच नाही. अरबी ‘कौल’ म्हणजे बोलणं, दिलेला शब्द. शिवकाळात रयतेला अभय देताना कौल देत, कौलनामा तिथलाच. त्यामुळे ‘जनतेचा कौल’ चुकीचा नाही. मात्र त्यात सगळ्यांचा मिळून लागलेला निकाल असतो. एकेकीचं ते मत, अकरा जणींचं मिळून निघेल तो कौल. म्हणून “प्रत्येकीने कौल द्यावा” खटकतं.

गिरणीवाला:
कौलांचे भाव आता फार वाढलेत. आम्ही गेल्या वर्षी मंगलोरी कौलं काढून पत्रा घातला.

जुनीपोथी:
ते छपराचं कौल, नपुंसकलिंगी. हा तो कौल, पुल्लिंगी.

गिरणीवाला:
बरं, चुकलो. पण दळणाचं मला कळतं, म्हणून उखळाबद्दल सांगतो. उखळात कांडतात, जात्यावर दळतात. तुमच्या मालात भाजणी, मेतकूट, कुळीथ ही तिन्ही पिठं, दळायची. कांडायचा एक मसालाच, आणि तोही आता डंखावर कांडून आणतात. उखळ नाव घेतलंत तर गिऱ्हाईक मसाल्याचं दुकान समजून येईल.

कोकणवाट:
शिवाय ‘उखळ पांढरं झालं’ ऐकलं की दुसऱ्याच्या जिवावर कमावलेला पैसा डोळ्यांपुढे येतो. आमच्याकडे जमिनीत पुरलेलं असतं त्याला व्हायन म्हणतात, तो शब्द मला जवळचा. पण तो घाटावर कोणाला कळणार?

मायमराठी:
मग शिदोरीच घ्या. शिदोरी म्हणजे डबा, सगळ्यांना कळतो.

जुनीपोथी:
डबा नव्हे, वाटेत खायला बांधून दिलेलं तयार अन्न. भाकरी, चटणी, दशम्या. शिदोरी सोडली की लगेच खाता येते. मेतकूट एक वेळ भातावर घालता येईल, भाजणीला आधी तवा लागतो. शब्दात माया आहे, लेकीला सासरी पाठवताना सोबत देतात ती शिदोरी, पण माल तो नाही.

नाव वाक्यात घालून बघा. ‘शिदोरीचं मेतकूट’ सहज येतं. ‘उखळाचं मेतकूट’ही चालेल. ‘जात्याचं मेतकूट’ म्हटलं की घोटाळा सुरू. वरचा अनुस्वार छपाईत गळला की ‘जात्याच’, म्हणजे ‘जात्याच हुशार’ मधलं. प्रमाण लेखनात ‘जाते’ लिहाल तर ‘ती जाते’ वाचतील.

पायलीभर:
हे डोक्यातच आलं नव्हतं. सामान्यरूप न करता ‘जातंचं मेतकूट’ म्हटलं तर?

मायमराठी:
चालतं की! वर्तमानपत्राला आपण ‘सकाळमध्ये वाचलं’ म्हणतो, ‘सकाळी वाचलं’ म्हणत नाही. विशेषनाम झालं की शब्द बदलत नाही.

जुनीपोथी:
नेहमी नाही. पुणे विशेषनामच, तरी आपण पुण्याला जातो. ‘सकाळमध्ये’ निभावतं कारण ‘सकाळ’ व्यंजनान्त ऐकू येतो. ‘जातंचं’ माझ्या कानाला अडखळतं. नव्या पिढीला कदाचित चालेल, मी खात्री देणार नाही.

पसंतीक्रम:
मला मतदानाचीच काळजी वाटते. समजा शिदोरीला पाच, जात्याला तीन, उखळाला तीन मतं पडली. शिदोरी जिंकली, पण अकरापैकी सहा जणींना दळणकांडणाचं नाव हवं होतं, त्यांची मतं दोन नावांत फुटली. विधान परिषदेला पहिल्या-दुसऱ्या पसंतीची मतं असतात तसं करा. शेवटचं नाव गळालं की त्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजायची. इथे तळाला दोघांची बरोबरी आहे, तेव्हा कोणतं गाळायचं हे आधीच ठरवा.

गिरणीवाला:
आणि ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर तिन्ही नावं आधी शोधा. पीठ-मसाला वर्ग ३० मध्ये येतो. आमच्या गिरणीची पाटी रंगवून झाल्यावर कळलं, ते नाव आधीच कोणीतरी नोंदवलंय.

पायलीभर:
पाठवण्याआधी शोधते. मजकूर बदलला:

“सख्यांनो, तीन नावं उरली आहेत: जातं, उखळ, शिदोरी. रविवारी रात्री नऊपर्यंत प्रत्येकीने पहिली आणि दुसरी पसंती कळवावी. तळाला बरोबरी झाली तर दुसऱ्या पसंतीची मतं कमी असलेलं नाव गळेल. पसंती लिहिण्याआधी ‘अमक्याचं मेतकूट’ असं मोठ्याने म्हणून बघा.”

‘कौल’ निकालाच्या दिवशी वापरेन. माझं मन अजून जात्यावरच आहे.

कोकणवाट:
मग पाटीवर ‘जातं’ ठळक अनुस्वारासकट लिहा, आणि पुडीवर नुसतं ‘मेतकूट’. ‘चं’ कुठे लावायचा ते गिऱ्हाईक ठरवेल.