अनुभव धागा : लग्न लागलं आणि मेमरी कार्ड उघडेना

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

लग्नाच्या ऑर्डरी करणाऱ्यांनी, आणि ज्यांच्या घरच्या लग्नात असं झालंय त्यांनीपण लिहा. कार्ड वाचत नाही म्हणल्यावर काय केलंत, काय परत आलं, काय गेलं. सुरुवात मी करतो.

पलूसजवळ लग्न होतं, साडेबाराचा मुहूर्त. फोटो माझ्याकडं, शूटिंग मित्राकडं. कॅमेऱ्याला एकच स्लॉट, ६४ जीबीचं कार्ड, सगळं रॉमध्ये. सप्तपदीपर्यंत कॅमेऱ्यात फोटो व्यवस्थित दिसत होते, नवरीच्या मामांना मी स्क्रीनवर अंतरपाटाचा फोटो दाखवलासुद्धा. पंगत बसली तसं म्हणलं जेवायच्या आधी कॉपी लावून टाकू, तर लॅपटॉप म्हणतोय `You need to format the disk in drive E: before you can use it.` परत कॅमेऱ्यात घातलं तर तोपण फॉरमॅटच मागतोय. तेवढ्यात नवरदेवाचे वडील आले, "भाऊ, पानं वाढलीत, चला", आणि माझ्या तोंडाला कोरड पडलेली.

फॉरमॅट दाबलं नाही. कार्डाच्या कडेचं लॉक खाली ओढलं, दुसऱ्या रीडरमधून एकदा बघितलं, तेच. मग ते कार्ड पाकिटात बंद केलं आणि पाठवणी दुसऱ्या कार्डावर काढली. नवरीच्या थोरल्या भावाला त्याच संध्याकाळी बाजूला घेऊन सांगितलं की दादा, असं असं झालंय, फोटो आत असण्याची शक्यता आहे पण मी शब्द देत नाही. तो दोन मिनिटं काहीच बोलला नाही, मग म्हणाला आईला एवढ्यात सांगू नका. पुढचं काम ज्यांनी केलं त्यांनाच खाली लिहायला सांगितलंय.

माणदेशी

एवढं टेन्शन कशाला घेता राव. आटपाडीत आमच्या भाच्याच्या बारशाला माझं कार्ड असंच झालतं, `chkdsk E: /f` चालवलं आणि फोल्डर परत दिसाय लागला. फुकट काम, पाच मिनिटांत.

मिरज जंक्शन

कृष्णाकाठ यांचं कार्ड माझ्याकडंच आलतं. आधी माणदेशींना सांगतो, तुमचं झालं कारण तुमच्या कार्डाचा फाईल सिस्टीमचा भाग विंडोजला अजून ओळखू येत होता. यांचं कार्ड `RAW` दाखवत होतं, तिथं ही कमांड चालतच नाही. (हे `RAW` आणि फोटोचं रॉ यांचा काही संबंध नाही, लोक घोटाळा करतात.) आणि चाललीच तरी ती दुरुस्ती मूळ कार्डावरच लिहिते. फोटोंच्या जागी `FILE0000.CHK` असल्या फायली करून ठेवलेली कार्डं माझ्याकडं येतात, मग डबल काम. बारशाचं ठीक आहे, दुसऱ्याच्या लग्नाच्या कार्डावर हा प्रयोग नको.

मी पहिली गोष्ट बघतो ती म्हणजे कॉम्प्युटरला कार्ड किती जीबीचं दिसतंय. ६४ चं ६४ च्या आसपास दिसलं तर आशा आहे. शून्य दिसलं किंवा कार्ड लावल्याचंच कळेना, तर आतला कंट्रोलर गेलेला असतो, तिथं सॉफ्टवेअर काही करू शकत नाही, ते कार्ड लॅबमध्येच द्यायचं, खर्चही मोठा. यांचं पूर्ण दिसत होतं. म्हणून आधी अख्ख्या कार्डाची कॉपी काढली, लिनक्सवर:

```
ddrescue -d -r3 /dev/sdb card.img card.map
photorec card.img
```

`/dev/sdb` तुमच्याकडं वेगळं असेल, आधी खात्री करा. कार्ड अर्धंच भरलेलं असलं तरी कॉपी पूर्ण ६४ जीबीची होते, तेवढी जागा डिस्कवर मोकळी पाहिजे. त्यानंतर कार्डाला हातच लावायचा नाही, सगळी खटपट कॉपीवर.

फोटोरेक फुकट आहे. ते कार्डावरची फायलींची यादी वाचत बसत नाही, थेट फाईलची सुरुवात ओळखून उचलतं. एक गोष्ट नीट वाचा, त्याच्या फाईल प्रकारांच्या यादीत `tif` ची खूण काढू नका. आपला कॅमेरा टिफ काढतच नाही म्हणून लोक ती काढतात, आणि निकॉनच्या `NEF`, कॅननच्या `CR2` असल्या रॉ फायली त्याच खुणेत येतात. मग शोध संपला की जेपीजी सोडून काहीच नाही आणि माणूस म्हणतो गेलं सगळं.

यांचे बहुतेक फोटो आले. नावं मात्र सगळी गेली, `f1843200.nef` असली नावं येतात, पण फोटो काढल्याची वेळ फाईलच्या आतच असते, त्यावरून क्रम लागतो. आणि आधीच्या लग्नाचे फोटोपण बाहेर आले! कॅमेऱ्यातला फॉरमॅट सहसा फक्त यादी पुसतो, त्यामुळं ज्या जागेवर नवीन फोटो बसले नव्हते तिथं दुसऱ्याच घरची हळद तशीच होती. तारखेवरून ते वेगळे काढूनच पुढं द्या, नाहीतर एकाच्या घरच्या बायका दुसऱ्याच्या पेन ड्राइव्हवर जायच्या.

जे आलं नाही ते मंगलाष्टकांच्या शेवटाकडचं. कार्डाचा तेवढा तुकडा परत परत वाचूनही निघाला नाही. तिथले काही फोटो वरून चांगले, खाली करडा पट्टा.

वाईची लेक

मी फोटोग्राफर नाही, माझ्याच लग्नाचं सांगते. आमच्या फोटोवाल्याने पंधरा दिवस "एडिटिंग चालू आहे" म्हणून झुलवलं आणि मग सांगितलं कार्ड गेलं. तोवर पाहुण्यांनी मोबाईल रिकामे केलेले. माझ्या आजीचा आणि माझा एकत्र फोटो त्यातच होता, पुढच्या वर्षी आजी गेली. वरच्या दादांनी त्याच दिवशी सांगितलं ना, ते वाचून बरं वाटलं. आम्हाला आठ दिवसांत कळलं असतं तरी मावसभावाकडं व्हिडिओ होता.

अजिंक्यतारा

१२८ जीबीचं कार्ड बाजारात निम्म्या किमतीत मिळालं म्हणून कोणी घेतलं असेल तर आधी तपासा. खरी जागा कमी आणि छापलंय १२८, असली कार्डं येतात. खरी जागा भरेपर्यंत सगळं नीट, पुढचे फोटो कागदोपत्री जातात पण आत काही नसतं. `H2testw` ने पूर्ण भरून वाचून बघायचं, वेळ लागतो पण कळतं. तुमचं तसलंच असणार.

मिरज जंक्शन

नाही, यांचं तपासलं, जागा खरी होती. आणि नकली कार्डातलं हरवलेलं फोटोरेकनेही येत नाही, कारण ते बसलेलंच नसतं.

खटावचा

माझ्या मोबाईलमधनं जत्रेचे फोटो डिलीट झालेत, ह्याच पद्धतीनं येतील का? मेमरी कार्डावर नव्हते, फोनच्याच मेमरीत होते.

मिरज जंक्शन

फोनच्या आतल्या मेमरीला ही पद्धत सहसा लागू होत नाही, हल्लीचे फोन आतला डेटा एन्क्रिप्ट करून ठेवतात. गॅलरीतलं ट्रॅश बघा, क्लाउड बॅकअप चालू होता का बघा.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

अक्षतांच्या त्या फोटोंचं पुढं सांगतो. शूटिंग फोर-केमध्ये होतं, त्यातून फ्रेम काढली की साधारण आठ मेगापिक्सेल मिळतात. करिझ्मा अल्बमच्या पानावर मध्यम आकारात ते चालतं, पूर्ण पानभर ताणलं की लगेच कळतं. हात हलताना फ्रेम अस्पष्ट असते, म्हणून अक्षता हातात घेऊन थांबलेले क्षण शोधून काढले. पाहुण्यांकडून फोटो मागवले ते व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून, नुसते पाठवले की बारीक होऊन येतात. नवरीच्या चुलत बहिणीकडं अंतरपाट खाली येतानाचा एक फोटो निघाला, तो अल्बमला पानभर लावला.

उरलेल्या पैशातून मी काही रक्कम स्वतःहून सोडली. नवरीचा भाऊ नको म्हणत होता, पण ऐकलं नाही.

कार्ड नेमकं का गेलं ते कळलं नाही. बॅटरी उतरताना लिहिणं चालू होतं का, की कार्डाचा तो तुकडाच खराब होता, मिरजकर दुसऱ्याच्या बाजूने आहेत, मला पहिलं वाटतंय. आता दोन स्लॉटचा कॅमेरा घेतलाय, दुसरा स्लॉट `Backup` वर. नवीन घेणाऱ्यांनी हे सेटिंग मेनूत जाऊन बघा, बऱ्याच जणांकडं ते `Overflow` वर असतं, म्हणजे पहिलं कार्ड भरल्यावर दुसरं सुरू, आणि माणूस समजतो दोन कॉप्या होतायत. ज्यांचा व्हिडिओ गेला असेल त्यांनी लिहा, मोठ्या क्लिपा परत आल्यावर चालतच नाहीत म्हणतात, कोणाच्या चालल्या का?