शब्दचर्चा : सापाची लस, उतारा की प्रतिविष?

पायवाट : प्राथमिक आरोग्य केंद्रात माझी इंटर्नशिप चालू आहे. दारावर सर्पदंशाचा फलक लिहायचाय आणि सर्पदंशावर देतात त्या एएसव्हीच्या मराठी नावापाशी अडलेय. इथे सगळे 'सापाची लस' म्हणतात. पण मागच्या आठवड्यात एक आजोबा सलाइन लावू देईनात. "दोन वर्षांपूर्वी घेतली की लस, आता पुन्हा कशाला?" समजूत घालण्यात अर्धा तास गेला. 'उतारा' लिहावं तर सिस्टर म्हणतात, लोक लिंबू-नारळ घेऊन भगताकडे जातील. काय लिहू?

जुनीपाटी : लसच लिहा. लस म्हणजे मुळात जखमेतून पाझरणारं चिकट पाणी. हे औषधही घोड्याला थोडं थोडं विष टोचून, त्याच्या रक्तातल्या पाण्यापासूनच काढतात. म्हणजे जुन्या अर्थाने हीच खरी लस. शब्द बरोबर आहे, लोकांचा समज चुकलाय.

पायवाट : काका, रात्री दोन वाजता व्युत्पत्ती कोणाला सांगू? लस म्हटलं की लोकांना 'एकदा टोचली, पुढची काळजी मिटली' एवढंच कळतं. लहान मुलाला अर्धीच द्या, असंही म्हणतात. विष साप तेवढंच सोडतो, म्हणून औषधही मोठ्यांइतकंच लागतं.

कातळ : आमच्या वडिलांना फुरसं चावलं होतं. हिरड्यांतून रक्त येत होतं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवलं, ते गोठलंच नाही. दहा बाटल्या सलाइनमधून दिल्या. दोन तासांनीही रक्त थांबेना, तेव्हा 'उतारा लागू पडला नाही' म्हणून चुलते त्यांना दुसरीकडे हलवायला निघाले होते. डॉक्टरांनी अडवलं. सहा तासांनी पुन्हा नळी पाहिली, रक्त गोठलं होतं.

बांधावरचा डॉक्टर : कातळ, चुलत्यांना त्या शब्दानेच फसवलं. हे औषध रक्तात फिरणारं विष धरतं, झालेली मोडतोड भरून काढत नाही. घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठवणारे घटक खर्ची पडतात आणि ते यकृताला नव्याने बनवावे लागतात. त्याला वेळ लागतो, म्हणून पुढची तपासणी सहा तासांनी. पायवाट, नळी काचेची, नवी आणि कोरडी हवी. प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत चांगलं रक्तही गोठत नाही आणि उगाच औषध दिलं जातं. बाटली चढताना ॲड्रेनलिन भरून हाताशी ठेवा. अंगावर पित्त उठलं, धाप लागली तर सलाइन थांबवून मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम मांडीत, स्नायूत.

सोनचाफा : नाग आणि मण्यार तर दोन्ही मज्जातंतूंवर जाणारे. तिथे ॲट्रोपिन-निओस्टिग्मीन दिलं की उतार पडतोच ना? मग 'उतारा' त्यांना तरी चालेल.

बांधावरचा डॉक्टर : नागाला बहुधा, मण्यारीला बहुधा नाही. नागाचं विष स्नायूच्या बाजूला अडून बसतं, तिथे निओस्टिग्मीनने निरोप वाढवला की पापणी उचलते. मण्यारीचं विष निरोप पाठवणारं तंतूचं टोकच बिघडवतं. निरोपच सुटत नसेल तर वाढवणार काय? कोणता साप ते अनेकदा कळत नाही, म्हणून एकदा देऊन अर्ध्या तासाने पापणी बघायची.

आमच्याकडे पावसाळ्यात जमिनीवर झोपलेली एक बाई पहाटे पोट दुखतंय म्हणून आली. सूज नाही, दाताची खूण नाही, नळीतलं रक्त व्यवस्थित गोठलेलं. पोटदुखीची गोळी देऊन बसवलं. तासाभरात पापण्या मिटू लागल्या. सासू म्हणाली, "झापड आलीय, रात्रभर जागी होती, झोपू दे तिला." तेव्हा मण्यार सुचली. दहा बाटल्या दिल्या, निओस्टिग्मीनने फरक पडला नाही, पुढे श्वास उथळ झाला. नळी घालून जिल्ह्याच्या गावापर्यंत अँब्यु बॅग हाताने दाबत नेलं. तिथे चार दिवस व्हेंटिलेटरवर होती, मग घरी गेली. तिला तारलं ते श्वास चालू ठेवण्याने. तंतूंची टोकं नव्याने येईपर्यंत थांबावंच लागतं. याला उतारा कसं म्हणू?

जुनीपाटी : मग 'प्रतिविष' लिहा. शुद्ध आहे, नेमका आहे.

सोनचाफा : आणि वाचणार कोण? माझी आई 'प्रति' म्हणजे कॉपी समजेल. 'सापाच्या विषावरचं औषध' लिहा की सरळ.

पायवाट : हे पटतंय. पण डॉक्टर, तुमच्या त्या सासूबाईंचा शब्द मला जास्त महत्त्वाचा वाटतोय. फलकावर 'पापण्या जड होणे' लिहिलं होतं, ते खोडून 'झापड येणे' करतेय. खाली : 'झापड आली तर झोपू देऊ नका, लगेच आणा.'

जुनीपाटी : झापड म्हणजे नुसती गुंगी. पापणी पडण्याला हा शब्द लावणं चूक. बैलाच्या डोळ्यांना बांधतात ती झापडं, त्यावरून आला असणार.

कातळ : आमच्याकडे उलट सांगतात, आधी झापड, मग बैलाचं झापडं. आणि काका, डोळे मिटत चाललेत हे बघून कोकणात तरी दुसरा शब्द तोंडात येत नाही.