माधव तीनदा का येतो? घरच्या ग्रुपवर विष्णुसहस्रनामातील नावांची चर्चा

धाकटी सूनबाई: सर्वांना नमस्कार. बाळासाठी आम्ही विष्णुसहस्रनामातून केशव, माधव, जनार्दन आणि अनय ही चार नावे निवडली आहेत. नावांच्या याद्यांमध्ये पहिल्या तिघांपुढे ‘विष्णू’ एवढाच अर्थ दिलेला आढळतो. स्तोत्र वाचताना मात्र माधव तीन वेळा आणि केशव दोन वेळा आल्याचे लक्षात आले. मग या नावांचा नेमका कोणता अर्थ धरावा? मोठ्या काकांनी कृपया सांगावे.

मोठे काका: सूनबाई, हा प्रश्न जुन्या भाष्यकारांनाही पडला होता. महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला ही नावे सांगतात आणि ती मोजून हजार आहेत, असे स्तोत्रच म्हणते. तेव्हा तेच नाव पुन्हा आले तर संख्या भरते कशी? शंकराचार्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या भाष्यात उत्तर असे दिले आहे की शब्द तोच असला तरी अर्थ वेगळा आहे, म्हणून ती पुनरुक्ती होत नाही. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्थ दाखवणे भाष्यकाराला भागच पडते, आणि आपल्याला हव्या असलेल्या छटा तिथेच सापडतात. मी पुढे नावांचे जे क्रमांक देतो, ते याच भाष्याच्या मोजणीप्रमाणे आहेत. इतर परंपरांत पदे तोडण्याची पद्धत वेगळी असल्याने ते थोडे मागेपुढे होतात.

केशव प्रथम २३व्या स्थानी येतो. तिथे भाष्यात तीन अर्थ दिले आहेत: ज्याचे केस सुंदर आहेत तो, ‘क’ म्हणजे ब्रह्मा, ‘अ’ म्हणजे विष्णू आणि ‘ईश’ म्हणजे रुद्र हे तिघे ज्याच्या सत्तेत आहेत तो, आणि केशी दैत्याला मारणारा तो. दुसऱ्यांदा हे नाव ६४८व्या स्थानी येते आणि तिथली ओळ ‘केशवः केशिहा हरिः’ अशी आहे. केशिहा म्हणजे केशीला मारणारा. हे नाव लगेच शेजारी असताना केशवाचा अर्थही केशीला मारणारा असाच घेतला, तर एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखे होईल. म्हणून भाष्यकार तिथे केश म्हणजे सूर्य वगैरे तेजांतले किरण असे घेतात आणि ते ज्याचे आहेत तो केशव, असा अर्थ लावतात. त्याला आधार म्हणून महाभारतातलेच वचन देतात. एका नावात रूप, सत्ता, पराक्रम आणि प्रकाश अशा चार छटा आल्या, त्या अशा.

आत्या: दादा, माधव म्हणजे मधासारखा गोड, असे मी अनेकांकडून ऐकले आहे. हा अर्थ त्या तीनांपैकी एखाद्या ठिकाणी येतो का?

मोठे काका: नाही, आणि माझ्या मते तो टाळावा. ७२व्या स्थानी ‘मा’ म्हणजे लक्ष्मी आणि ‘धव’ म्हणजे पती, असा पहिला अर्थ आहे. त्याच ठिकाणी उपनिषदांतल्या मधुविद्येने जो जाणता येतो तो माधव, असाही अर्थ दिला आहे, आणि मौन, ध्यान व योग यांनी त्याला माधव म्हणून जाणावे, हे उद्योगपर्वातले वचनही उद्धृत केले आहे. १६७व्या स्थानी ‘मा’ म्हणजे विद्या घेतली आहे, म्हणजे माधव हा विद्येचा स्वामी झाला. ७३५व्या स्थानी तो मधुकुळात, म्हणजे यादवांच्या एका पूर्वजाच्या वंशात, जन्मलेला आहे. पहिल्या माधवाच्या लगेच पुढे ७३वे नाव मधुसूदन असे येते, त्यामुळे पुष्कळांची गल्लत होते. मधुसूदनातला मधू हा मारलेला दैत्य आहे आणि तिसऱ्या माधवातला मधू हा कुळाचा पुरुष आहे. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. वैशाख महिन्यालाही माधव हे जुने नाव आहे, म्हणून वसंतात जन्मलेल्या मुलाला ते शोभते, पण ती छटा स्तोत्राबाहेरची आहे.

दादा: काका, जनार्दन हे नाव ऐकायला भारदस्त आहे, परंतु ‘अर्दन’ म्हणजे पीडा देणे ना? लोकांना पीडा देणारा हे बाळाचे नाव कसे ठेवायचे?

मोठे काका: शंका रास्त आहे. संस्कृतातल्या ‘अर्द’ धातूला पीडा देणे हा अर्थ आहे, तसाच जाणे आणि मागणे हाही आहे. १२६व्या नावावर भाष्यकार दोन्ही अर्थ मांडतात. पहिल्या अर्थी ‘जन’ म्हणजे दुर्जन, आणि त्यांना दंड देणारा तो जनार्दन. दुसऱ्या अर्थी लोक ज्याच्याकडे अभ्युदय आणि मोक्ष मागतात तो जनार्दन. पहिल्यात शासक आहे, दुसऱ्यात दाता आहे, आणि शब्दाचे एक अक्षरही बदललेले नाही. नाव ठेवताना दुसरा अर्थ मनात धरला तर त्यात कमीपणा काहीच नाही.

अनयबद्दल मात्र मी जपून सांगेन. ‘नेयो नयोऽनयः’ अशी ती ओळ आहे. अवग्रहाकडे दुर्लक्ष झाले तर ‘नय’ दोनदा आल्यासारखे वाटते. तो पाहिला की चारशेवे नाव ‘अनय’ आहे हे कळते. भाष्याप्रमाणे ज्याला नेणारा, चालवणारा दुसरा कोणी नाही तो अनय. देवाला हा अर्थ अगदी चपखल बसतो. पण ओळीतून बाहेर काढून शब्दकोशात पाहिले तर अनय म्हणजे अनीती, गैरवर्तन. ‘नय’ हे शेजारचे नाव तुलनेने निर्धोक आहे, कारण त्याचा रूढ अर्थ नीती असाच आहे. स्तोत्रात नाव आहे एवढ्यावरून ते माणसाला ठेवण्याजोगे ठरत नाही. ओळीतला आणि कोशातला असे दोन्ही अर्थ पाहावेत, आणि ते विरुद्ध जात असतील तर मी तरी ते नाव सोडून देईन.

आत्या: आणि माझ्याकडे नात झाली तर? ही सगळी नावे पुल्लिंगीच आहेत.

मोठे काका: सगळी नाहीत. भाष्य म्हणते की जिथे स्त्रीलिंगी शब्द येतो तिथे तो ‘देवता’ या शब्दाचे विशेषण मानावा. ‘निष्ठा शान्तिः परायणम्’ या ओळीत ५८३वे नाव निष्ठा आणि ५८४वे शांती आहे. मराठीत निष्ठा म्हणजे एखाद्यावरची अढळ श्रद्धा. स्तोत्रात तिचा अर्थ प्रलयकाळी सर्व भूते ज्याच्या ठायी राहतात ते स्थान, असा आहे. इथे मात्र दोन्ही अर्थ एकमेकांच्या आड येत नाहीत. पुल्लिंगी नावाचे स्त्रीरूपही करता येते. अनघ हे नाव दोनदा येते, त्याचीच अनघा होते, आणि ‘अघ’ म्हणजे पाप तसेच दुःखही, म्हणून ती निष्पाप आणि दुःखरहित अशी दोन्ही ठरते.

धाकटी सूनबाई: काका, मनापासून आभार. अनय आम्ही वगळले आहे. आम्ही दोघेही शिकवण्याच्या व्यवसायात असल्यामुळे १६७व्या स्थानचा माधव, विद्येचा स्वामी, आम्हांला सर्वांत जवळचा वाटतो. तो अर्थ मूळ ओळीसह पत्रिकेवर छापावा असा विचार आहे. ओळ निवडून द्याल का?

मोठे काका: अवश्य. ‘अतीन्द्रियो महामायो महोत्साहो महाबलः’ याच्या आधीची ‘वेद्यो वैद्यः सदायोगी वीरहा माधवो मधुः’ ही ओळ घ्या. माधवाच्या पुढचे ‘मधुः’ हे वेगळे नाव आहे, त्यामुळे छापताना दोन्ही शब्द जोडले जाऊ नयेत, एवढे छापखान्याला आवर्जून सांगा.