रशियन स्वागत-कार्डावरच्या दोन ओळींसाठी मदत हवी आहे

कुलाब्यात आमचं सहा खोल्यांचं गेस्टहाऊस आहे. रशियन पाहुण्यांसाठी व्हिजिटिंग कार्डाएवढं दुहेरी कार्ड छापायचंय: पुढे स्वागत, मागे आभार. ते पाहुणे येण्याआधीच उशीवर ठेवतो.

अ‍ॅपमध्ये इंग्रजी 'यू आर वेलकम' टाकलं, तर 'पझालुस्ता' आलं. एका पाहुण्या बाईंनी सांगितलं की हे 'आभारी आहे'ला दिलेलं उत्तर झालं. स्वागताला 'दब्रो पझालवत्' म्हणतात. ती ओळ आता पक्की आहे. छापखान्याच्या फाँटमध्ये रशियन अक्षरांच्या जागी चौकोन येत होते, म्हणून पीडीएफ देणार आहे. तोही प्रश्न नाही.

अडलंय ते आभारापाशी. 'स्पसीबा, श्तो अस्तनवीलिस उ नास' म्हणजे 'आमच्याकडे उतरलात, आभारी आहोत'. 'स्पसीबा, श्तो वीब्राली नास' म्हणजे 'आम्हाला निवडलंत, आभारी आहोत'. दोन्हीत क्रियापद भूतकाळी आहे आणि आदरार्थी अनेकवचनी, त्यामुळे एकटा पाहुणा असो वा कुटुंब, चालेल. जागा एकाच ओळीची आहे आणि नुसतं 'स्पसीबा' मला फार कोरडं वाटतं. शनिवारी दोनशे कार्डं छापायला जातील.

रशियन शिकलेल्यांनी किंवा तिथे राहिलेल्यांनी सांगावं: पाहुणा नुकताच खोलीत शिरतोय, तेव्हा यांतली कुठली ओळ त्याला सहज वाटेल, आणि पहिली वाचून निरोप दिल्यासारखं तर वाटणार नाही ना?