पंखा थेट अंगावर घेऊन झोपणं : धरलेली मान, कोरडा घसा आणि तुमचे अनुभव

रातराणी
भाचा राहायला आलाय. रात्री त्याने टेबल फॅन उशाशी ओढला आणि तोंड अगदी जाळीजवळ नेऊन झोपला. सकाळी हाक मारली तर अख्खा वळला, खांद्यासकट. मान जागची हलेना. ते बघून माझे वसतिगृहातले दिवस डोळ्यांसमोर आले.

माझ्या खाटेच्या उजव्या अंगाला पेडेस्टल फॅन असायचा, रात्रभर फुल्ल. सकाळी उजवी मान अशी धरलेली असायची की उजवीकडे बघायचं तर खुर्चीच फिरवावी लागे. आई फोनवर म्हणायची वारा बाधला, मैत्रीण म्हणायची उशी जाड आहे. शेवटी पंखा आणि उशी तीच ठेवली आणि फक्त डोकं पायथ्याकडे करून झोपायला लागले, म्हणजे वारा डाव्या अंगाला आला. थोड्याच दिवसांत उजवी मान सुटली आणि डावी धरली! उशी तीच होती, त्यामुळे माझ्या मते तिथेच निकाल लागला. वाराच.

तुमचे अनुभव लिहा. घसा, डोळे, डोकं जे काही धरत असेल ते. भाच्यासाठी उपायही हवाय, आज त्याला गाडी चालवायची आहे.

वाटसरू
गाडी चालवू देऊ नका ताई. मान वळत नसेल तर बाजूचं दिसतच नाही. बाकीचं सवडीने लिहितो.

कोरा_कागद
माझं मानेचं नाही, घशाचं. पहाटे जाग येते तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली असते, थुंकी गिळवत नाही. कूलर समोर असतो. कूलर हवेतलं सगळं पाणी शोषून घेतो म्हणून हे होतं. मी खोलीत बादली भरून ठेवते आता.

सुतारपक्षी
@कोरा_कागद ताई, ते एसीचं. एसी हवेतलं पाणी काढतो, कूलरचं उलटं असतं. ओल्या पॅडमधून हवा खेचतो, पाणी वाफ होऊन हवेत जातं म्हणून तर गार वाटतं. कूलर चालू असताना खोलीत ओलावा वाढतोच. बादलीची गरज नाही, उलट खिडकी उघडी ठेवा म्हणजे दमट हवा बाहेर जाईल. खिडकी बंद असेल तर थोड्या वेळाने गारवा कमी आणि चिकचिक जास्त.

तुमच्या घशाला कोरडेपणापेक्षा पॅडमधली घाण छळत असेल. चालू करताना पहिली पाच मिनिटं कुबट वास येतो का? पॅडवर पांढरे क्षार धरलेत का, खालच्या कोपऱ्यात काळपट बुरशी आहे का, हे जाळी काढून बघा. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून आतून घासायची, नुसतं वरून पाणी ओतत राहायचं नाही. डासांची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात, म्हणून घासणं महत्त्वाचं. आणि बंद करण्याआधी पंप बंद करून थोडा वेळ नुसता पंखा चालवा, पॅड वाळले की बुरशी धरत नाही.

कोरा_कागद
कुबट वास येतो!! रोज येतो. मला वाटायचं पाण्याचाच असतो.

काजवा
मी फिजिओथेरपिस्ट आहे, उन्हाळ्यात सकाळच्या वेळी अशा माना रोज बघते. रातराणीताई, डोकं पायथ्याला नेऊन बघितलंत ते छानच, उशीला तुम्ही बरोबर बाजूला काढलंत. पण निकाल लागला असं मी म्हणणार नाही. एक सांगा, पंखा उजवीकडे असताना तोंड कुठे करून झोपायचात?

रातराणी
डावीकडे, भिंतीकडे. तोंडावर वारा आला की श्वास कोंडल्यासारखं व्हायचं. पायथ्याला आल्यावर अर्थात उजवीकडे वळायला लागले.

काजवा
तेच विचारायचं होतं. म्हणजे खाटेत फिरलात तेव्हा दोन गोष्टी एकदम बदलल्या. वाऱ्याची बाजू बदलली आणि मान वळवून ठेवायची बाजूही बदलली. डावीकडे तोंड करून तासन् तास झोपलं की उजव्या बाजूचे स्नायू ताणलेले राहतात. एरवी झोपेत आपण आपोआप कूस बदलतो, पण समोरून वारा असेल तर त्या बाजूला वळायचं टाळतो आणि एकाच स्थितीत अडकतो. शिवाय पहाटे गारठा लागतो, मग खांदा कानाकडे ओढून, अंग आखडून माणूस झोपतो. मानेपासून खांद्याच्या पात्यापर्यंत जाणारा जो स्नायू आहे तो असा आखडलेला राहिला की सकाळी कळ तिथेच येते.

पहाटेचं कारण असं की झोपताना उकडत असतं म्हणून पंखा फुल्ल करतो. उठायच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं, खोलीही निवलेली असते. त्यातून स्वप्नांची झोप पहाटे जास्त, आणि त्या झोपेत शरीर आपलं तापमान नीट सांभाळत नाही. पंख्याचा वेग मात्र रात्रीचाच. पांघरूण ओढून घ्यावं एवढी जाग येत नाही.

भाच्यासाठी : गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. मग मान जितकी बिनकळेची वळते तितकीच सावकाश वळवायची, दोन्ही बाजूंना, दर तासा-दोन तासांनी. कळेपर्यंत न्यायची नाही. कुणाला झटका देऊन मोकळी करू देऊ नका, जोरात चोळूनही नको. पट्टा लावून दिवसभर पडून राहिला तर उलट लांबतं. दोन-चार दिवसांत सुटते, फार तर आठवडा.

ताप, जोराची डोकेदुखी, उजेड सहन न होणं यांच्याबरोबर मान ताठ झाली असेल तर ते पंख्याचं नाही, लगेच दवाखाना. हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल वाटत असेल किंवा पडल्या-आपटल्यानंतर मान धरली असेल तरी दाखवाच.

टिटवी
काजवाताई किती नीट सांगितलंत! घशाबद्दल माझं लिहिते, भाजी चिरता चिरता टायपतेय, चुका सांभाळून घ्या. माझी जीभ पण टाळूला चिकटायची. कानानाकघशाच्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं, पाणी प्यायल्यावर लगेच बरं वाटतं का. म्हटलं हो, दोन घोटांत. मग ते म्हणाले तुम्ही तोंड उघडं टाकून झोपता. नाकातून गेलेली हवा घशात पोचेपर्यंत ओली आणि कोमट होते, तोंडातून गेलेली तशीच कोरडी जाते, त्यात समोरून वारा. नाक का चोंदतंय ते शोधा म्हणाले. शोधलं तर पंख्याच्या पात्यांच्या कडेला धुळीची जाड काजळी. ती रोज रात्री माझ्या नाकावर. आता पाती ओल्या फडक्याने पुसते, पंखा पायांकडे. नाक मोकळं आणि तोंड मिटलेलं.

पण पाणी पिऊनही सकाळभर खवखवत असेल, शिंका, नाक गळणं असेल तर ती ॲलर्जी असू शकते असं ते म्हणाले होते. कोरा_कागद, तुमचं कुठलं?

कोरा_कागद
दोन्ही थोडं थोडं 😟 आधी पॅड बदलते.

आभाळमाया
सगळ्यांना विचारायचं होतं, कूलरचा आवाज कमी करायला खाली काय ठेवावं? रबर ठेवून पाहिलं तरी घुर्र घुर्र चालूच. बाळ दचकतं.

सुतारपक्षी
@आभाळमाया पंप टाकीच्या तळाला टेकून थरथरत असेल, त्याच्याखाली स्पंजचा तुकडा द्या. तरी आवाज आला तर पंख्याच्या पात्यांचा तोल गेलाय. काहीही करण्याआधी प्लग काढा, टाकीत हात घालताना नक्की.
आणि बाळावर थेट झोत नको. भिंतीवर मारून परतलेली हवा पुरते.

पाऊलखुणा
वारा हलक्यात घेऊ नका हो. आमच्या काकांचं तोंड वाकडं झालं होतं रात्रभर खिडकीतला वारा गालावर घेऊन. एक डोळा मिटेना. मी तेव्हापासून कानाला रुमाल बांधूनच झोपते.

काजवा
@पाऊलखुणा काकांना किती त्रास झाला असेल, कल्पना आहे. पण त्यात चेहऱ्याची नस सुजलेली असते, बहुधा विषाणूमुळे. सकाळी आरशात दिसतं म्हणून रात्रीच्या वाऱ्यावर आळ येतो. महत्त्वाचं हे की तोंड अचानक वाकडं झालं तर "वारा लागला, शेकूया" म्हणत थांबायचं नाही. तो पक्षाघातही असू शकतो, विशेषतः हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं तर. त्याच क्षणी रुग्णालय.

पाऊलखुणा
काका बरे झाले पूर्ण. गोळ्या लगेच सुरू केल्या होत्या. पण वाऱ्याचं माझ्या मनातून जात नाही. रुमाल बांधणारच.

वाटसरू
आता बसलो निवांत. काजवाताईंशी थोडा असहमत. मी रात्रपाळीच्या बसने प्रवास करायचो, खिडकीची फट उघडी. मान सरळ, गळ्याभोवती उशी, वळायला जागाच नाही. तरी फटीच्या बाजूचीच मान धरायची. तिथे वळण्याचा प्रश्न कुठे आला?

काजवा
मुद्दा चांगला आहे. थंडीने स्नायूचा ताण वाढतो हे खरं, त्यामुळे नुसत्या वाऱ्याने काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. आमच्यात यावर दोन मतं आहेत. बसचे हादरे मात्र विसरू नका. भाच्यावर करून बघता येईल : पंखा तिथेच, झोप त्याच कुशीवर, फक्त मानेभोवती पातळ सुती ओढणी सैलसर. मान धरली नाही तर वारा दोषी, धरली तर झोपेची स्थिती.

रातराणी
भाचा तयार झाला, मान जरा सुटल्यावर केलं. ओढणी घेऊन झोपला तर धरली, पण पूर्वीपेक्षा कमी. मग पंखा पायांकडे नेला, मधल्या वेगावर, तोंड समोरच्या भिंतीकडे, रात्री साडेतीनला बंद होईल असा टायमर. त्या रात्री उताणा झोपला होता, मी मुद्दाम उठून पाहिलं. सकाळी दोन्हीकडे मान वळली.

वाटसरू
म्हणजे थोडा वारा, थोडी स्थिती. माझी बस अजून सुटली नाही या चर्चेतून.

टिटवी
रातराणीताई, टायमर वेगळा लावता येतो का जुन्या पंख्याला? माझ्या पंख्याला नाहीये.

सुतारपक्षी
प्लगमध्ये बसणारा मिळतो. पंख्याच्या वॅटला पुरेसा आहे ना एवढं बघून घ्या. जुन्या पंख्याचं बटण दाबलेलंच ठेवायचं, सुरू-बंद टायमर करतो. रिमोटवाल्यांना चालत नाही, ते वीज परत आली की बंदच राहतात बहुतेक. कूलरला लावणार असाल तर पंप आणि पंखा एकदम बंद होईल, पॅड ओलेच राहतील. त्यांचं सकाळी बघावं लागेल.

आभाळमाया
स्पंज दिला. घुर्र गेली, आता टिकटिक येतेय 🙏 दादा बघा ना काय असेल?